उसळ खालून ढवळून वाढा: कँटीनमध्ये आणि गाडीवर फायबर कुठे सापडतं

कँटीनच्या काउंटरवर उसळीचं पातेलं कधी नीट बघितलंय? वर लालसर तर्री, तिच्यावर कोथिंबीर, आणि वाढणाऱ्या मावशींचा डाव पहिल्या बोटभर खोलीतच फिरत असतो. रांग लांब, घाई सगळ्यांनाच. वाटी भरते, पण वाटीत येतो तो रस्सा. मटकी, चणे, वाटाणे जड असतात, ते तळाशी बसतात. साडेबाराला पहिल्या पंगतीत जेवणाऱ्याच्या वाट्याला पाणी, आणि पावणेदोनला धावत येणाऱ्याला गच्च दाणे. मी आहारतज्ज्ञ आहे, कामानिमित्त बऱ्याच ऑफिसांच्या कँटीनमध्ये जेवले आहे, आणि फायबरबद्दल मी देत असलेला सगळ्यात उपयोगी सल्ला एका वाक्याचा आहे: "मावशी, जरा खालून ढवळून द्या ना."

हे गमतीत म्हणत नाहीये. कारण सांगते.

फायबर म्हणजे आपल्या आज्या ज्याला चोथा म्हणायच्या तो. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती, दाण्याची साल, फळाचा गर धरून ठेवणारी जाळी. आपल्या पोटातल्या पाचकरसांना तो तोडता येत नाही, म्हणून तो लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो. त्यातला काही भाग पाणी धरून बुळबुळीत होतो. भेंडी चिरताना हाताला लागतं तसलं काहीतरी डोळ्यांसमोर आणा. हा भाग पोटातलं जेवण दाट करतो, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते आणि जेवल्यावर दोन तासांत परत भूक लागत नाही. उरलेला भाग खरखरीत असतो, तो मळाला आकारमान देतो आणि पुढे ढकलतो. मोठ्या आतड्यात गेल्यावर यातल्या बऱ्याच भागावर तिथले जिवाणू ताव मारतात. त्यांच्या जेवणातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराला खाद्य म्हणून मिळतात. आणि गॅसही तयार होतो, त्याबद्दल पुढे बोलू, कारण खरी भांडणं तिथेच होतात.

किती लागतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण 32 ग्रॅम, बाईला 25 ग्रॅम. हा आकडा हवेतून आलेला नाही, दर हजार कॅलरींमागे 15 ग्रॅम असा तो हिशोब आहे.

आता हे 32 ग्रॅम कुठून यायचे, हे समजायला एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुरते: साल कुठे गेली? त्याच संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात हे फार स्वच्छ दिसतं. शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात 25 ग्रॅम फायबर. साल काढून त्याची डाळ केली की 15. अख्ख्या मुगात 17, मूगडाळीत 9. गव्हाच्या कणकेत 11, मैद्यात 3 च्याही आत. दाणा तोच, शेत तेच, गिरणीत काय झालं एवढाच फरक. पांढरा तांदूळही 3 ग्रॅमच्या आतबाहेर, पोहे साडेतीनच्या आसपास. ज्वारी 10, बाजरी साडेअकरा. आणि तुरीची डाळ, जिचं वरण आपण रोज ओरपतो, ती 9.

हे आकडे शंभर ग्रॅम कोरड्या मालाचे आहेत. ताटात माल शिजून, पाणी पिऊन, फुगून येतो. म्हणून एक ताट प्रत्यक्ष मोजून बघू.

कँटीनवाला वजनं सांगत नाही. पण महाराष्ट्रात एक ताट असं आहे की ज्याची वजनं सरकारनेच ठरवून दिली: जानेवारी 2020 मध्ये 10 रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी. 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. आपल्या ऑफिसातली साधी थाळी यापेक्षा फार वेगळी नसते, एखादी चपाती जास्त आणि एक पापड. 30 ग्रॅमच्या भाजलेल्या चपातीत कणीक साधारण 20 ग्रॅम, म्हणजे फायबर सव्वादोन ग्रॅम, दोन चपात्यांचे साडेचार. भाजी कोबीची असेल तर अडीच-तीन, बटाट्याची असेल तर पावणेदोन. वरणात डाळ असते 15 ग्रॅमच्या आसपास, त्याचं सव्वा-दीड ग्रॅम. 150 ग्रॅम भात म्हणजे मूठभर तांदूळ, तोही दीड ग्रॅम. गोळाबेरीज 9-10 ग्रॅम. दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

वाईट नाही, हो ना? मलाही पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. साधं पोळी-भाजीचं ताट बदनाम करण्यासारखं नाहीच. आणि गंमत अशी की त्यातलं निम्मं फायबर येतं पोळीतून, ज्या पोळीला लोक "कार्ब्ज नकोत" म्हणून आधी हाकलतात आणि तिच्या जागी काकडीच्या चकत्या मागवतात. काकडीच्या पाच-सहा चकत्या, बिटाचा एक तुकडा आणि कांदा: सगळं मिळून एखादा ग्रॅम, फार तर दीड. काकडी खावी, गार असते, तिच्यात पाणी असतं. पण ती फायबरची सोय म्हणून ताटात घेऊ नये. सॅलड घेतलं म्हणजे फायबरचं काम झालं, हा ऑफिसातला सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे.

अडचण होते ती ताट सोडून इतर गोष्टी खाल्ल्या की. एक उदाहरण देते. फोर्टमधल्या एका कार्यालयात काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ, बद्धकोष्ठतेला वैतागून माझ्याकडे आले होते. सकाळी घरी चहा आणि पांढऱ्या ब्रेडचे दोन टोस्ट. अकराला ऑफिसखाली एक वडापाव. दुपारी कँटीनला ते थाळीच्या रांगेत उभेच राहत नसत, कारण शेजारच्या काउंटरवर शेजवान राइस पाच मिनिटांत मिळायचा. पाचला चहा आणि खारी. रात्री घरी तीन पोळ्या, भाजी, वरणभात, व्यवस्थित.

टोस्टचं सव्वा ग्रॅम. वडापावाचं तीन, तेही बहुतेक बेसनाच्या आवरणामुळे, कारण बेसन म्हणजे हरभराडाळच. पाव तर मैदाच. शेजवान राइसमध्ये तांदूळ ऐंशी ग्रॅम धरला तरी सव्वादोन, त्यात कोबी-गाजराच्या चार काड्यांचं एखादं ग्रॅम, एकूण साडेतीनपेक्षा कमीच. खारीत अर्धा ग्रॅम. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बारा तासांत आठ ग्रॅम, आणि रात्रीच्या एका जेवणात पंधरा. बेरीज 23. पाहिजेत 32. नऊ ग्रॅमचा खड्डा.

त्यांनी मला विचारलं, "मग आता काय, ओट्स? ते मला गिळवत नाहीत." ओट्सची काही गरज नव्हती. नऊ ग्रॅमचा खड्डा बुजवायला ऑफिसच्या दिवसात दोन संधी असतात: दुपारचं जेवण आणि पाचची भूक. दोन्ही साधल्या तर उत्तम, पण एक साधली तरी बहुतेक भागतं. हे दोन कप्पे मी आता एकेक करून उघडते.

दुपार: दाणे मोजा, रस्सा नाही

दुपारचा राजा म्हणजे उसळ. कारण उघड आहे: अख्खं कडधान्य, साल शाबूत. एका बऱ्यापैकी वाटीत तीस ग्रॅम कोरडी मटकी असेल तर साडेचार ग्रॅम, तेवढाच सुका वाटाणा असेल तर पाच, आणि काळे चणे असतील तर साडेसात. वरणाच्या वाटीच्या तिप्पट ते पाचपट. पण हे "असेल तर" फार महत्त्वाचं आहे, म्हणून सुरुवातीला पातेल्याचा तळ काढला. ओळखायची सोपी रीत: चमच्याने दाणे एका बाजूला सारा आणि रस्सा दुसऱ्या बाजूला जाऊ द्या. दाण्यांनी निदान अर्धी वाटी भरली तर त्यात पंचवीसेक ग्रॅम कोरडं कडधान्य आहे. तळाला आठ-दहा वाटाणे लोळताना दिसले तर ती उसळ नाही, तिखट पाणी आहे.

मग एक करा, दुसरी वाटी घ्या. भात अर्धा करून त्याच्या जागी उसळीची जादा वाटी द्यायला बहुतेक कँटीनवाले तयार होतात. नाही झाले तर दहा-पंधरा रुपये जास्त घेतात. आठवड्याच्या मेनूवर कडधान्याचे वार ठरलेले असतात, ते एकदा बघून ठेवा. "पंजाबी" वाराला राजमा किंवा छोले असतील तर तीही उसळच आहे. राजम्याची साल तर चांगली जाड असते. फक्त छोल्यांबरोबर भटुरे न घेता पोळ्या घ्या, कारण भटुरे आणि नान मैद्याचे. हॉटेलातल्या तंदुरी रोटीतही बरेचदा मैदा मिसळलेला असतो. रोटी गार झाल्यावर चिवट, रबरासारखी ताणली जात असेल तर शंका घ्यायला जागा आहे. कणकेची पोळी गार झाल्यावर कोरडी होते, पण तुटते.

त्या गृहस्थांनी शेजवान राइस आठवड्यातून एक दिवसावर आणला. बाकीचे दिवस तीन चपात्या आणि दाण्यांची उसळ: साधारण बारा ग्रॅम. साडेतीनच्या जागी बारा, खड्डा जवळपास तिथेच भरला.

भाकरी मिळत असेल तर विचारायलाच नको. मोठ्या भाकरीत साठ-सत्तर ग्रॅम ज्वारीचं पीठ जातं, म्हणजे एकाच भाकरीत सहा-सात ग्रॅम. तिच्यासोबत पिठलं आलं तर बेसनाचं आणखी दोन-तीन. शहरांत आता भाकरीचे काउंटर पुन्हा दिसू लागले आहेत. नुसती पांढरीशुभ्र, गुळगुळीत भाकरी असेल तर मात्र मी जरा थबकते. तांदळाच्या पिठाचीही भाकरी असते आणि ती पांढरी दिसते. चवीला सुरेख, पण फायबरच्या हिशोबात ती भातच.

कँटीन नसेल आणि गाडीवरच जेवायचं असेल तर? मिसळ. पण मिसळीला एक खोड आहे: वरचं फरसाण खालची उसळ झाकतं. प्लेट डोंगरासारखी भरलेली दिसते आणि मटकी निघते दोन चमचे. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, "उसळ जास्त, फरसाण कमी, तर्री वेगळी." चांगला मिसळवाला याला नाही म्हणत नाही, उलट खूश होतो की गिऱ्हाईकाला मटकीत रस आहे. पाव दोनऐवजी एक घ्या. एका पावात फायबर पाऊण ग्रॅमसुद्धा धड नसतं, तो फक्त रस्सा पुसायला आहे.

दुसरा पर्याय, ज्याचं नाव या संदर्भात कुणी घेत नाही, तो म्हणजे रगडा. रगडा म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची उसळच की! सालीसकट भिजवून, उकडून, घोटलेली. रगडा-पॅटिसच्या प्लेटमध्ये चाळीस ग्रॅम वाटाणा धरला तर सहा-सात ग्रॅम फायबर आलं, वर बटाट्याच्या पॅटिसचं थोडं. "एक पॅटिस, रगडा डबल" असं मागितलं की गाडीवरचं बऱ्यापैकी जेवण होतं. घोटल्याने साल जात नाही, ती रगड्यात बारीक होऊन असतेच. जीभ टाळ्याला लावून बघा, कळते.

पोहे, उपमा, इडली यांवर फार वेळ घालवत नाही. पोह्यांच्या प्लेटमध्ये तीनेक ग्रॅम असतात आणि त्यातला एक शेंगदाण्यांचा. वर मटार-शेंगदाणे जास्त मागून घ्या. इडलीतही तेवढेच, सांबार पातळ असेल तर त्याने फरक पडत नाही. साबुदाणा खिचडी म्हणजे शुद्ध पिष्ट, त्यातलं फायबर जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. उपासाच्या दिवशी पोट बिनसतं त्याला हेही एक कारण. पावभाजीत भाजी बरी असते, त्यात मटार-फ्लॉवर असतात, पाव मात्र एकच घ्यावा.

पाचची भूक: फुंकर मारू नका

पाच वाजता ऑफिसात एकच वास फिरतो, चहाचा. चहाबरोबर येतात खारी, बिस्किटं, क्रीमरोल, समोसे. सगळे मैद्याचे. इथे "डायजेस्टिव्ह" बिस्किटांचा पुडा काढणारे लोक असतात, त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटतं, कारण त्यांनी मनापासून प्रयत्न केलेला असतो. पुड्याच्या मागे बघा. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांनुसार शंभर ग्रॅममध्ये किमान 6 ग्रॅम फायबर असल्याशिवाय "फायबर भरपूर" असं लिहिता येत नाही. समजा तुमच्या बिस्किटात बरोबर तेवढं आहे. एक बिस्किट दहा-पंधरा ग्रॅमचं. चार खाल्ली तर अडीच-साडेतीन ग्रॅम, आणि त्याबरोबर साखर आणि तेल किती ते त्याच तक्त्यात दोन ओळी वर लिहिलेलं असतं. ब्राउन ब्रेडचंही तसंच: रंग कॅरॅमलने येऊ शकतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर ब्रेड तपकिरी असला तरी मैद्याचाच.

याच्या उलट, चौकात दहा-वीस रुपयांत मिळणारी फुटाण्यांची पुडी. फुटाणे म्हणजे अख्खा हरभरा, तापलेल्या वाळूत फुलवलेला. तीस ग्रॅम सालीचे फुटाणे, म्हणजे एक चांगली मूठ, खाल्ले तर सहा-सात ग्रॅम फायबर. म्हणजे त्या गृहस्थांच्या नऊ ग्रॅमच्या खड्ड्यातला मोठा भाग, उभ्याउभ्या, कँटीनशिवाय.

पण आपण काय करतो? पुडी हातात आली की फुटाणे तळहातांत चोळतो, आणि फूऽऽ. साली उडून जातात, टेबलावर, कीबोर्डवर, शेजारच्याच्या फायलीवर. आणि मग आपण पिवळेधमक, सोललेले दाणे एकेक करून तोंडात टाकतो. हरभऱ्याची ती पातळ, कुरकुरीत, घशाला जरा टोचणारी साल जवळजवळ निव्वळ फायबरची असते. 25 चे 15 होतात ते याच फुंकरीने. पंढरपुरी डाळंही तसंच, साल काढलेलं. चवीला छान, चटणीला उत्तम, पण फुटाण्यांच्या मागे. म्हणून सालीचे फुटाणे मागा, चोळू नका, आणि नीट चावा. साल घशात अडकते ही तक्रार बहुतेकदा न चावता गिळल्यामुळे असते. सोबत पाणी घ्या. वजन बघणाऱ्यांसाठी: तीस ग्रॅम फुटाण्यांत सव्वाशेच्या आत कॅलरी असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत दीडशेच्या वर आणि फायबर निम्मं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर "खारे नको, साधे द्या" एवढं सांगायला विसरू नका.

चना जोर गरम, उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस, उकडलेले चणे कांदा-लिंबू घालून, हे सगळं याच वर्गातलं आणि चांगलं. कणसात थोडं कमी, पण खारीपेक्षा कितीतरी जास्त. भेळेचं सांगायचं तर कुरमुऱ्यात फारसं काही नसतं. तिला फायबर येतं ते तुम्ही त्यात काय घालायला सांगता त्यावर. चणे, शेंगदाणे, उकडलेली मटकी घातली तर ठीक. कच्चे मोड आलेले मूग मात्र मी गाडीवर टाळते. मोड काढण्यासाठी जे ओलं, उबदार वातावरण लागतं तेच जंतूंनाही आवडतं. उकडलेल्या मोडाला भीती नाही.

आणि पेरू. याच्यासाठी मी रस्ता ओलांडून जाते. आपल्या देशी पांढऱ्या गराच्या पेरूत शंभर ग्रॅमला साडेआठ ग्रॅम फायबर आहे, बियांसकट आणि सालीसकट. मध्यम पेरू दीडशे ग्रॅमचा. एका पेरूत बारा-तेरा ग्रॅम! त्यापुढे केळं दोन ग्रॅमवर रेंगाळतं. गाडीवाल्याकडून अख्खा पेरू घ्या, आपल्या पाण्याने धुवा, किंवा समोर कापायला लावा. आधीपासून चिरून मीठ-तिखट लावून ठेवलेल्या फोडी कोणत्या पाण्याने धुतल्या देव जाणे. बिया दातांत अडकतात म्हणून काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्यासाठी फुंकरीवाल्यांच्या शेजारी एक रांग राखून ठेवली आहे.

फळाचा रस मात्र या यादीत नाही. उसाच्या गुऱ्हाळावर जाऊन बघा: फायबर कुठे जातं ते तिथे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. रस पेल्यात, चिपाडं मागच्या ढिगात.

गॅस, पाणी आणि गोळ्या

आता भांडणाचा भाग. आज आठ ग्रॅम खाणाऱ्याने उद्या डबल उसळ, परवा पेरू आणि त्यावर फुटाणे असं सुरू केलं तर चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याची जी अवस्था होते ती कुणावरही येऊ नये. कडधान्यांत रॅफिनोजच्या जातीच्या साखरा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यात जिवाणूंना अचानक मेजवानी मिळते आणि गॅस होतो. यात बिघडलेलं काही नाही. सवय नाही, एवढंच.

म्हणून चढत जा. पहिला आठवडा एक दिवसाआड अर्धी वाटी उसळ, किंवा पंधरा ग्रॅम फुटाणे, दोन्ही नाही. पोट कुरकुर करेनासं झालं की रोज. मग पूर्ण वाटी. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं पोट रुळतं. मटकी-मूग सहसा चणे-वाटाण्यांपेक्षा हलके जातात, सुरुवात त्यांनी करावी. घरून डबा नेत असाल तर कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. त्या साखरांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. कँटीनचा आचारी हे करतो की नाही हे विचारायला मात्र हरकत नाही. "रात्री भिजवता का, की दुपारी सोडा टाकून शिजवता?" असा प्रश्न मी विचारला होता तेव्हा आचाऱ्याने आधी माझ्याकडे आणि मग मुकादमाकडे पाहिलं, आणि उत्तर मुकादमानेच दिलं.

पाणी कमी प्यायलं तर हाच चोथा उलटतो आणि मळ आणखी घट्ट होतो. एसी ऑफिसात तहान लागत नाही. आणि बायकांच्या बाबतीत आणखी एक खरं कारण असतं, जे तक्त्यांमध्ये लिहिलेलं नसतं: ऑफिसचं किंवा लोकल प्रवासातलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नसतं, म्हणून त्या ठरवून कमी पितात. अशा बाईला "भरपूर फायबर खा" सांगणं म्हणजे तिला आणखी त्रासात टाकणं. आधी जेवल्यानंतर चारपर्यंत दोन पेले पाणी पिता येईल अशी सोय, मग उसळ.

औषधांबाबत: इसबगोल घेत असाल तर ते आणि इतर गोळ्या यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, विशेषतः थायरॉइडच्या आणि लोहाच्या गोळ्यांत, कारण तो जाडसर थर औषध शोषलं जाण्यात आड येऊ शकतो. आतड्याचं ऑपरेशन झालंय, आतड्याला सूज येण्याचा जुना आजार आहे, किंवा किडनीच्या आजारामुळे कडधान्यांवर बंधन आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचं काहीही सुरू करू नये. आणि मळातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, ही लक्षणं फायबरने दाबून ठेवायची नसतात, ती तपासून घ्यायची असतात. म्हणूनच त्या फोर्टच्या गृहस्थांना मी उसळ सांगण्याआधी डॉक्टरांकडे पाठवलं होतं. तपासण्या स्वच्छ निघाल्या, मग आम्ही बसलो.

दीड महिन्याने ते परत आले तेव्हा तक्रार बद्धकोष्ठतेची नव्हती. तक्रार अशी होती की आता त्यांच्या मजल्यावरचे तिघे-चौघे "खालून ढवळून द्या" म्हणायला लागले आहेत, आणि पावणेदोनला गेलं की पातेल्यात फक्त तर्री उरलेली असते.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"साडेबाराला जातो," ते म्हणाले, "आणि उशीर झालाच तर ड्रॉवरमध्ये फुटाणे आहेत. सालीचे."